अकोल्याला कळवायचा नकार

ज्यांच्याशी माझं लग्न ठरलं होतं त्यांच्या मुलीनं गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला तेव्हा दुपार होती. कूलरमध्ये पाणी घालायचं राहिलं होतं, म्हणून नुसतीच गरम हवा अंगावर येत होती. डबा पारदर्शक प्लास्टिकचा, वारांप्रमाणे खण पाडलेला. प्रत्येक खणात रंगीत गोळ्या आधीच भरून ठेवलेल्या.

"काकू, ही बीपीची. ही शुगरची, जेवणाआधी. आणि ही रात्रीची, हीच ते मुद्दाम विसरतात," ती म्हणाली. ती पुण्याला असते, वडिलांकडे आठवडाभरासाठी आली होती. "आता तुम्ही आहात म्हटल्यावर माझी काळजीच मिटली बघा."

ते समोरच्या खुर्चीत बसून मी नेलेलं संत्रं सोलत होते. मान वर न करता हसून म्हणाले, "माझी कंप्लेंट करून राहिली काय?"

मी म्हटलं, "नाही, गोळ्या सांगतेय." आणि मग मुलीला म्हटलं, "कळलं मला."

मला खरंच कळलं होतं. कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते, आणि ती सगळी वर्षं त्यांचं जेवणखाण, औषधं, कूस बदलणं, चादरी, सगळं मीच केलं. भाऊ नाशिकला. मी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे कोणी करायचं हा प्रश्न घरात कधी उघडपणे आलाच नाही. वडील गेल्यावर लोक म्हणाले, आता तू मोकळी झालीस. मी क्लासला जायची, केमिस्ट्री शिकवायची, घरी यायची, टीव्ही लावून दुसरीकडे बघत बसायची. रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. एखाद्या पायाला मुंग्या येऊन तो बधिर होतो ना, तसं काहीतरी झालं होतं, फक्त मुंग्यासुद्धा नव्हत्या.

अशात मोर्शीच्या मामींनी हे स्थळ आणलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, अकोल्याला स्वतःचं घर, पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. माझी पन्नाशी जवळ आलेली. मामी म्हणाल्या, "आता सोबत पाह्यजे माणसाले." चहा घेणार का असं कोणी विचारल्यावर आपण सवयीनं हो म्हणतो, तसं मी हो म्हणाले.

माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. मी एसटीनं अकोल्याला जायची तेव्हा ते स्टँडवर येऊन उभे असत. गाडी लवकर येवो की उशिरा, ते असतच. उन्हात उभं राहिलेला त्यांचा उंच, किंचित वाकलेला आकार मला खिडकीतून दिसायचा. आवाज चढवून ते कधी बोलले नाहीत. माझ्या क्लासमधल्या पोरांची नावं त्यांनी लक्षात ठेवली होती. दिवाळीनंतर नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं असं ठरलं होतं. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला एक साडी दिली होती, आणि पुढे घराची एक किल्लीही दिली होती, कारण "आता काय, तुमचंच घर हाय."

तर त्या दुपारी डबा हातात घेऊन मी परत निघाले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. बाहेर सगळी काळी, नांगरून ठेवलेली जमीन. राग येईल, वाईट वाटेल, म्हणून मी वाट पाहत होते. काहीच आलं नाही. फक्त अमरावतीला उतरताना मला माहीत होतं की मी हे लग्न करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईलवर मेसेज लिहिला. तो असा होता:

"नमस्कार. मला हे लग्न करायचं नाही. तुम्हाला बायको नको आहे, नर्स हवी आहे. तुमच्या मुलीला तर तुमची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची आहे. मी माझ्या वडिलांचं सगळं केलं, आता परत कोणाच्या गोळ्या मोजत बसायची माझी तयारी नाही. तुमचा फोन आला की मला उचलायचा कंटाळा येतो. तुम्ही बोलता तेव्हा अर्धा वेळ माझं लक्ष नसतं. मागच्या महिन्यात तुमचं बीपी वाढलं म्हणून तुम्ही फोन केला होता. तेव्हा मी पेपर तपासत होते आणि तुम्ही बोलत असतानाही तपासतच राहिले. मला काहीच वाटलं नाही. तुमच्या घरात अजून तुमच्या पहिल्या पत्नीच्याच पद्धतीनं सगळं चालतं. तुम्ही माणूस म्हणून चांगले आहात, पण माझं तुमच्यावर प्रेम नाही. कृपया फोन करू नका."

लिहून झाल्यावर मी वाचून पाहिला. शुद्धलेखन बरोबर होतं. माझ्या दृष्टीनं त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मी तो तसाच पाठवला असता, पण बॅचची वेळ झाली म्हणून फोन पर्समध्ये टाकला आणि राजापेठला क्लासवर गेले.

आमचा क्लास दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली मोबाईल कव्हरचं दुकान आणि दिवसभर गाड्यांचे हॉर्न. दोन बॅचेसच्या मध्ये फिजिक्सच्या मॅडम आणि मी मागच्या खोलीत डबे उघडतो. ती माझ्याहून बरीच लहान, दर्यापूरकडची. तिथेच जवळ खोली घेऊन राहते. शिकवताना शुद्ध बोलते, पण डबा उघडला की तिची वऱ्हाडी सुरू होते. मला ताई म्हणते. त्या दिवशी मी फोन तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "वाच बरं. पाठवायचा आहे."

तिनं वाचायला घेतलं. शेवटपर्यंत वाचायच्या आधीच पोळीचा घास ठेवून दिला, हात पुसला, आणि सगळा मजकूर तिथून कापून दुसरीकडे, नोट्समध्ये चिकटवला.

"हे काय केलंस?"

"त्याइच्या नावाखालीच टाईप करून ठेवलं होतं तुमी. बोट लागलं असतं तं गेलं असतं न." मग तिनं पूर्ण वाचलं. "हे खरं हाय सगळं?"

"हो."

"लग्न नाही करायचं हे पक्कं हाय? का ते मनवतीन असं वाटते?"

"पक्कं आहे."

"मंग हे पाठवू नका."

मी म्हटलं, "खोटं गोडगोड लिहायला मला येत नाही."

तिनं फोन खाली ठेवला. मग तिनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तिचंही लग्न ठरलं होतं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडाही झाला होता, आणि मुलानं मेसेज करून मोडलं होतं. "माझ्यावाला मेसेज लय गोड होता, ताई. तू खूप चांगली आहेस, मी तुझ्या लायक नाही, सध्या मी लग्नाला तयार नाही. मी त्या 'सध्या'वर किती दिवस बसून होती! सध्या नाही म्हणजे मंग होईन. आई म्हने, त्यानं नाही म्हटलंच नाही. त्यानं लगन केलं दुसरीकडे, तेव्हा समजलं मले." ती हसली. "तुमचं तं साफ हाय, हे चांगलं हाय. पहिली लाईन तशीच ठेवा. बाकीचं पाहू."

आम्ही डबे बाजूला सारले. तिनं प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून मला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली: हे त्यांना समजणं गरजेचं आहे, की मला फक्त बोलून टाकायचं आहे?

नर्सच्या वाक्यावर मी म्हटलं, त्यांना समजायला हवं. ती म्हणाली, "पण हे तं तुमी त्याइच्या मनातलं सांगून राहिल्या. त्याइले नर्स पाह्यजे हे ते बोलले काय?"

ते कधीच बोलले नव्हते. डबा मुलीनं दिला होता, ते संत्रं सोलत होते. मी ते वाक्य काढलं. मुलीचं वाक्यही काढलं, जरा नाखुशीनं. माझ्या मते ते सगळ्यांत खरं होतं.

"मेसेज ते एकटेच वाचतीन असं नाही," ती म्हणाली. "माझा माझ्या आईनं वाचला, मामानं वाचला, वहिनीनं वाचला. मोठ्यानं."

फोन उचलायचा कंटाळा येतो, लक्ष नसतं, ही दोन्ही वाक्यं तिनं सरळ खोडली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग ती बीपीच्या वाक्यावर आली आणि तिथे थांबली.

"हे खरं हाय, मले समजते," ती म्हणाली. "पण समजा त्याइनं हे वाचलं. पुढे कधीही बीपी वाढलं, चक्कर आली, कोनाले फोन करायचा झाला, तं त्याइले काय आठवन? की आपन सांगून राहिलो होतो आन् समोरची बाई पेपर तपासत होती. मंग ते कोनालेच फोन नाही करतीन."

मी त्या वाक्याकडे पाहिलं. ते मी माझ्या बधिरपणाचा पुरावा म्हणून लिहिलं होतं, मला काय होतंय हे त्यांना कळावं म्हणून. त्यांच्या हातात गेल्यावर त्याचं काय होईल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी ते काढलं.

"माणूस म्हणून चांगले आहात, पण" यातला 'पण' तिला नको होता. "पणच्या आधीचं कोनी वाचत नाही. आन् चांगले म्हनजे काय? सगळेच चांगले असतात. चांगलं काय ते सांगा."

"स्टँडवर येऊन उभे राहायचे," मी म्हटलं.

"हे लिवा."

मी लिहिलं. मग मी विचारलं की हे समोर जाऊन सांगायला नको का, मेसेज म्हणजे पळपुटेपणा नाही का. तिनं उलट मलाच विचारलं की समोर गेले तर काय होईल. मी खरं ते सांगितलं. ते चहा टाकतील, कपबशी पुढे करतील आणि मी पुन्हा हो म्हणेन. आणि नाही म्हटलंच, तरी ते माझ्यासमोर चेहरा सांभाळत बसतील, मला स्टँडवर सोडायला येतील. ती म्हणाली, "मंग मेसेजच बरा, त्याइले एकट्याले घरात बसून वाचता येईन. पण त्याइनं फोनवर बोला म्हटलं तं बोला लागीन. 'फोन करू नका' हे काढा. जेवढं जमते तेवढंच सांगा."

भांडण झालं ते गोळ्यांवर. तिचं म्हणणं, गोळ्यांचं काहीच लिहू नका. "कारन दिलं की मानूस ते कारन दुरुस्त कराले पाह्यते. तुमी कूलर म्हनसान तं ते एसी लावतीन." मी ऐकलं नाही. कारण न देता नाही म्हणणं मला अपमानकारक वाटलं. मला कोणी तसं केलं असतं तर मी आयुष्यभर आपलं काय चुकलं ते शोधत बसले असते. शेवटी मी ते ठेवलं, पण त्यांच्या अंगावर न टाकता माझ्या बाजूनं लिहिलं. ती म्हणाली, "तुमाले पटलं तं ठेवा."

बॅचची मुलं जिन्यावर ऐकू यायला लागली होती. पुढचं मी घरी जाऊन पूर्ण केलं. लिहिताना एक-दोनदा 'माफ करा' जास्त आलं, ते काढलं. इतकी माफी मागितली की समोरच्याला आपलीच समजूत घालावी लागते. 'तुम्हाला माझ्याहून चांगली सोबत मिळेल' हेही लिहिलं आणि खोडलं. ते मला ठाऊक नव्हतं. 'आपण चांगले मित्र राहू' लिहिलंच नाही, कारण मला राहायचं नव्हतं. शेवटी तो असा झाला:

"नमस्कार. मी आपलं ठरलेलं लग्न करू शकणार नाही. हा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला आहे आणि तो बदलणार नाही. हे असं मेसेजनं कळवते आहे, कारण समोर आले तर मला नीट बोलता येणार नाही.

वडिलांची सेवा मी अनेक वर्षं केली. ते गेल्यावर माझ्यात पुन्हा कोणाचा संसार, औषधपाणी, काळजी उचलण्याचं बळ उरलेलं नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. यात तुमचं काही चुकलेलं नाही.

प्रत्येक वेळी तुम्ही स्टँडवर येऊन उभे राहिलात. माझी वाट पाहत कोणी उभं आहे, हे मला फार वर्षांनी दिसलं. ते मी विसरणार नाही.

लग्न मीच मोडलं असं सगळ्यांना सांगा, तेच खरं आहे. मामींना मी स्वतः सांगेन. किल्ली आणि साडी परत पोचवते. सध्या फोनवर बोलणं मला जमणार नाही, पण तुम्ही लिहिलंत तर मी उत्तर नक्की देईन."

'सध्या' दिसल्यावर दुसऱ्या दिवशी फिजिक्सच्या मॅडमनं बोट ठेवलं. "पाहा, आलंच." मी तो शब्द काढला आणि 'फोनवर बोलणं मला जमणार नाही' एवढंच ठेवलं.

कधी पाठवायचा हेही आम्ही ठरवलं. मुलगी अजून अकोल्यातच होती, ती असतानाच गेलेला बरा, म्हणजे ते घरात एकटे नसतील. सकाळी नको, कारण शुगरचा माणूस न जेवता बसून राहील. जेवण होऊन ते जरा पडतात, ती वेळ मला माहीत होती. मी वर्गात शिरण्याआधी मेसेज पाठवला, फोन सायलेंट केला आणि मुलांना मोलची संकल्पना शिकवली. छान शिकवली. एकानंही शंका विचारली नाही.

बाहेर येऊन पाहिलं तर दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी वाटेल. मी जिना उतरले, कोथिंबीर घेतली, घरी गेले.

संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं.

"मेसेज वाचला. त्या दिवशी डबा हातात घेताना तुमचा चेहरा पाहिला होता. बोललो नाही. एक विचारतो, राग मानू नका. गोळ्यांचं मी स्वतः पाहीन. स्वयंपाकाला बाई लावू. तुम्ही फक्त राहायचं. असं असेल तर?"

फिजिक्सच्या मॅडम गावी गेल्या होत्या. ती असती तर तिनं 'मी सांगतलं होतं' असं म्हटलं नसतं, पण मला ते ऐकू आलं. अकोल्याहून त्यांनी माझं कारण दुरुस्त केलं होतं. तेही प्रामाणिकपणे, आणि त्यात त्यांचाच कमीपणा होता. आता माझ्याकडे नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं, आणि तरी मला नाहीच म्हणायचं होतं.

मी ओट्याशी उभी राहिले. कणीक भिजवून ठेवली होती, ती तशीच ठेवली. तेव्हा मला दिसलं की मी जे कारण दिलं ते खरं असलं तरी मूळचं नव्हतं. बाई लावली, गोळ्या त्यांनी घेतल्या, तरी मला अकोल्याला जावंसं वाटत नव्हतं. पहिल्या खरड्यात शेवटाकडे ते होतंच, 'माझं तुमच्यावर प्रेम नाही', पण थप्पड मारल्यासारखं. आम्ही बाकीची झाडलोट करताना तेही झाडून टाकलं होतं. आता ते मला पुन्हा आणायचं होतं, आणि या वेळी विचारायला कोणी नव्हतं.

मी लिहिलं:

"तुम्ही हे विचारलंत याचा राग नाही, उलट मलाच संकोच वाटला. गोळ्यांचं मी लिहिलं ते खरं आहे, पण तेवढंच नाही. त्या नसत्या तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं. वडील गेल्यापासून माझं मन कशातच गुंतत नाही. तुमच्यात गुंतेल म्हणून मी वाट पाहिली. नाही गुंतलं. जिचं मन तिथे नाही अशी बाई तुमच्या घरात नुसती राहिली, तर ते तुम्हाला रोज दिसेल, आणि तुम्ही ते न बोलता सहन कराल. ते मला करायचं नाही. हे पुढे बदलेल म्हणून थांबू नका."

शेवटचं वाक्य लिहिताना पहिल्यांदा माझं बोट अडलं. ते कठोर वाटत होतं. पण ते काढलं असतं तर ते स्टँडवर उभे राहायचे, तसेच उभे राहिले असते. मी ते ठेवलं.

त्यांचं उत्तर आलं: "समजलं. तब्येतीची काळजी घ्या."

मामींना फोन केला. त्या खूप बोलल्या. "काहून पन? मानूस देवमानूस हाय, अन् तुले काय पाह्यजे होतं?" मी म्हटलं, मला काहीच नको होतं, तेच झालं. त्या म्हणाल्या की मी बापाच्या पाठीमागे येडी झाले. मी ऐकून घेतलं.

मग एका सकाळी क्लासच्या खाली त्यांची मुलगी उभी दिसली. तिचं सासर अमरावतीचंच, पुण्याला परतायच्या आधी ती तिकडे आली होती. किल्ली आणि साडी पिशवीत घालून मी क्लासवर ठेवली होती, स्वतः पोचवणार होते, पण ती म्हणाली की बाबांनी तिलाच आणायला सांगितलं आहे. मी तिला मागच्या खोलीत नेलं. फिजिक्सच्या मॅडम आपला डबा उचलून बाहेर निघून गेल्या.

ती बसली नाही. म्हणाली, "तुमचा मेसेज मी वाचला. म्हणजे मीच वाचून दाखवला त्यांना. बाबा पडले होते, चष्मा सापडेना, म्हणाले वाच गं, काय पाठवलंय मॅडमनी. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीला काय ते कळलं, पण मग थांबता येईना. पूर्ण वाचला."

त्या पहिल्या खरड्यातलं एक वाक्य मला स्वच्छ दिसत होतं. तुमच्या मुलीला तर तुमची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची आहे. तेही तिनं मोठ्यानं वाचलं असतं. वडिलांसमोर, स्वतःच्या तोंडानं.

"मला तुमचा खूप राग आलाय," ती म्हणाली. "पण तुम्ही राग यायला जागाच ठेवली नाही. यात तुमचं काही चुकलेलं नाही, मीच मोडलं म्हणून सांगा, स्टँडवर उभे राहिलात. आता मी कोणावर चिडू? बाबा तर मलाच म्हणाले, त्या बरोबर बोलल्या. मला भांडायचं होतं तुमच्याशी."

"भांड," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. "डबा मी दिला म्हणूनच ना? खरं सांगा. मी मेसेजमध्ये माझं नाव शोधत होते. कुठेतरी असेल म्हणून दोनदा वाचला."

तेव्हा मी खोटं बोलू शकले असते. नाही गं, तुझा काय संबंध, असं म्हणून तिची समजूत घालणं सोपं होतं. पण तिनं ते ओळखलं असतं, आणि पुण्याला जाऊन ती तेच घोकत बसली असती.

"त्या दिवशी तुझा राग आला होता," मी म्हटलं. "मला वाटलं, तू वडिलांना माझ्या ताब्यात देऊन मोकळी होतेयस. पण लग्न त्यानं मोडलं नाही. तो डबा हातात आला नसता तर मी दिवाळीनंतर लग्न केलं असतं आणि मग मला कळलं असतं. तेव्हा तुझ्या बाबांचं काय झालं असतं?"

ती खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "मी खरंच मोकळी होत होते, काकू. मला खूप बरं वाटलं होतं त्या दिवशी."

"मला ठाऊक आहे ते. मीही केलंय कोणाचं तरी."

तिनं पिशवी घेतली. जिन्यापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. ती खाली उतरली, आणि मी वळून वर आले. मी भिंतीला धरून थांबले. काय वाटतंय ते मला नीट ओळखता आलं नाही, पण काहीतरी होतं. फिजिक्सच्या मॅडमनं पाण्याची बाटली पुढे केली.

पुढे बरेच महिने त्यांच्याशी बोलणं झालं नाही. त्यांचा नंबर मी काढून टाकला नव्हता, आणि तो कधी वर येतही नव्हता. ते सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये जातात, घरी पोळ्यांना बाई येते, असं मामींकडून कळलं. मामी अजून अधूनमधून सुस्कारा टाकून मला सुनावतात.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी एकदा त्यांचा मेसेज आला की एका कामासाठी फोन केला तर चालेल का. मी चालेल लिहिलं. फोन आला. त्यांची पुतणी आता बारावीत जाणार होती, तिला पुढे फार्मसी घ्यायची होती, अमरावतीत कुठे चांगलं, हॉस्टेल कसं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं. तिची केमिस्ट्री कशी आहे ते विचारलं. ते म्हणाले, "कच्ची हाय. तुमीच पाहा तिले कधी." मी म्हटलं, पाठवा. त्यांनी माझी तब्येत विचारली, मी त्यांची विचारली, आणि विचारताना माझ्या लक्षात आलं की मला उत्तर ऐकायचं आहे.

"बरी हाय," ते म्हणाले. "ठेवू मंग?"

"ठेवा," मी म्हटलं.

जूनमध्ये पुतणी क्लासला आली. हुशार मुलगी, पण समीकरणं संतुलित करताना घाई करते. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आहे.